नमुना 1 आणि मी

आमच्या आळीतला रस्ता पावसाळ्यात ओढा होतो. ग्रामपंचायतीकडे पैसा नाही म्हणतात, तर आपणच बघू, म्हणून मी अंदाजपत्रकाची प्रत मागून घेतली. त्याला नमुना 1 म्हणतात. एकूण जमा बत्तीस लाख! मी बायकोला म्हटलं, "पैसा लोळतोय."

दुसऱ्या दिवशी तावातावाने ग्रामपंचायतीच्या भाऊसाहेबांसमोर जाऊन बसलो. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेका ओळीवर बोट ठेवलं. पंधराव्या वित्त आयोगाचे दहा लाख ही फक्त अपेक्षा. खरंच किती आले, ते जमाखर्चाच्या नमुना 3 मध्ये बघायचं. तिथे पाचच लाख होते. दुसरा हप्ता अजून वाटेत होता. तो कुठल्या वाटेत, हे भाऊसाहेबांनी सांगितलं नाही.

"मग पाच लाखांत रस्ता करा की."

"त्यातले तीन लाख बंधित."

या आयोगाच्या निधीत बंधित म्हणजे साठ टक्के रक्कम, निम्मी पाण्यासाठी आणि निम्मी स्वच्छतेसाठी. लग्नातल्या आहेरासारखं आहे हे, पाकिटावरच लिहिलेलं, 'फक्त साडीसाठी'. उरलेले दोन लाख अबंधित. हे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चता येतात, पगार आणि आस्थापना सोडून. पण ती गरज विकास आराखड्यात आधी लिहिलेली हवी. आराखड्यात अंगणवाडीची दुरुस्ती होती. आमचा ओढा नव्हता, कारण आराखड्याच्या ग्रामसभेला मी घरी झोपलो होतो.

मी हार मानली नाही. "आरंभीची शिल्लक नऊ लाख दिसतेय!"

"त्यातले सात लाख मागच्या वर्षांचे बंधित. पाणीयोजनेचं काम रखडलं, म्हणून पडून आहेत. बँकेत आहेत, पण रस्त्याला चालत नाहीत."

म्हणजे शिल्लक मोठी दिसली, की गाव श्रीमंत नसतं, काम रखडलेलं असतं. एवढं कळायला मला अर्धा दिवस आणि तीन चहा लागले. भाऊसाहेबांनी वर सल्लाही दिला, "घरी बसून ई-ग्रामस्वराज पोर्टलवर बघत जा." मी बघितलं. तिथे आमचं गाव सापडायला जिल्हा, तालुका आणि धीर, तिन्ही लागतात. पण खर्चाच्या नोंदी दिसतात, हे मान्य करावं लागेल.

"मग रस्त्याला मोकळा पैसा कुठला?" मी शेवटी विचारलं.

"स्वनिधी. घरपट्टी आणि गावाचे इतर कर. अंदाजपत्रकात घरपट्टी चार लाख धरली होती, वसूल झाली दीड."

मी खवळलो. "कोण हे लोक? नावं दाखवा!"

भाऊसाहेबांनी शांतपणे मागणीची नोंदवही, नमुना 9, काढली आणि माझ्याकडे फिरवली. तिसऱ्या ओळीत माझं नाव होतं. तीन वर्षांची थकबाकी.

"पावती आत्ता फाडू का?" त्यांनी विचारलं.