‘शंभरवर लो-कट टाका, प-ब गप्प’: इतकं सोपं नाही

> प, ब फुटतायत? घाबरू नका. सगळ्या ट्रॅकवर १०० हर्ट्झचा लो-कट टाका, वरून कंप्रेसर आणि नॉर्मलाइझ मारा. काम झालं, पुन्हा वाचायची गरज नाही. तसंही हल्ली सगळे मोबाईलवर ऐकतात, उरलंसुरलं कुणाला कळत नाही.

हा सल्ला घरी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातला लो-कट म्हणजे दिलेल्या आकड्याखालचा आवाज कापणारा फिल्टर. आधी तो शंभरचा आकडा बघू. प म्हणताना ओठ मिटतात, मागे हवा साठते आणि ओठ उघडताच तिचा झोत सुटतो. माइक तोंडापासून तीन-चार बोटांवर असेल तर हा झोत विरण्याआधीच आतल्या पडद्यावर आदळतो. म्हणजे पडदा तेवढ्यापुरता आवाजाने हलत नाही, वाऱ्याने ढकलला जातो, आणि फाइलमध्ये ‘धप्’ असा ठोका उमटतो. घरी वाचन करणाऱ्यांकडे बहुतेक कार्डिऑइड माइक असतात, आणि समोरचंच जास्त ऐकणारी ही जात वाऱ्यापुढे फारच हळवी.

या ठोक्याचा बराचसा जोर दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खाली असतो, पण शंभरच्या खाली सगळा मावत नाही. म्हणून शंभरच्या लो-कटने ठोका बारीक होतो, जात नाही. मग माणूस कट दीडशेवर नेतो, तिथून एकशेऐंशीवर, आणि तिथे वाचणाऱ्याचा स्वतःचा आवाज कचाट्यात सापडतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या टापूत असतो. बाईचा १६५च्या पुढे, म्हणून तिच्या आवाजाला ही कात्री कमी लागते. तासाभराच्या फाइलमध्ये ठोके सगळे मिळून काही सेकंदांचे. त्यांच्यासाठी बाकीच्या तासाचा पाया उपटायचा, हा व्यवहार मला पटत नाही. ६०-७० हर्ट्झवर सौम्य लो-कट सगळ्या ट्रॅकला जरूर लावा. पंख्याची, रहदारीची घरघर त्याने कमी होते. त्याच्याकडून प-बची अपेक्षा मात्र ठेवू नका.

दुसरा घोळ प आणि ब यांना एकाच दावणीला बांधण्यात आहे. मराठीतला प ओठ मिटलेले असताना मुका असतो. ब मात्र ओठ उघडायच्या आधीच घशात गुणगुणत असतो. हेडफोन लावून ‘बोट’ हळू ऐका, ‘ओ’च्या आधी एक दबलेला हुंकार मिळेल. बोट आणि पोट हे आपण वेगळे ओळखतो ते मुख्यतः या हुंकारावरून, आणि त्याचा बहुतेक जीव मूळ स्वरात, म्हणजे पुरुषाच्या आवाजात शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास असतो. सगळ्या ट्रॅकवर दीडशेचा कट मारला की ठोक्याबरोबर हाही वाहून जातो. ब दुबळा होतो, आणि घाईत वाचलेल्या वाक्यात बोटाचं पोट व्हायला वेळ लागत नाही. फ आणि भ यांचं तर त्या सल्ल्यात नावही नाही. खरं तर सगळ्यात लांब झोत त्यांचाच असतो, कारण ओठ उघडल्यावरही हवा बाहेर पडत राहते.

मग करायचं काय? एक वाक्य घेऊ: ‘बाबांनी पोटावर बोट ठेवलं आणि फक्त पाणी मागितलं.’ पुरुषाचा आवाज, मूळ स्वर १२० हर्ट्झच्या आसपास, माइक तोंडाला चिकटलेला. फाइल ऑडॅसिटी या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, मूळ ट्रॅकची नक्कल ठेवा आणि ट्रॅकच्या नावाशेजारच्या मेनूतून Spectrogram निवडा. जिथे ठोका आहे तिथे तळाशी एक उजळ ढेकूळ दिसतं. साध्या वेव्हफॉर्मवर परत येऊन ‘पाणी’चा आरंभ मोठा करून बघा. स्वराच्या लाटा बारीक, एकसारख्या, जवळपास दर आठ मिलिसेकंदांनी एक. त्यांच्याआधी एक रुंद, संथ उसळी दिसेल, मधल्या रेषेच्या एका अंगाला पार वर जाऊन दुसऱ्या अंगाला कोसळणारी. ‘आ’च्या पहिल्या काही लाटा तिच्या पाठीवर स्वार झालेल्या असतात. ही उसळी म्हणजेच ठोका. लांबी बहुधा ४० ते ८० मिलिसेकंद.

निवड कुठे सुरू करायची, यावर सगळं अवलंबून आहे. ‘प’च्या आधी ओठ मिटलेले असतानाची जी शांतता असते, तिथे सुरुवात करा. शेवट करा उसळी विरून स्वराच्या लाटा पुन्हा मधल्या रेषेवर बसतात तिथे, साधारण सातव्या-आठव्या लाटेवर. मग Z दाबा, म्हणजे निवडीची दोन्ही टोकं रेषा ओलांडण्याच्या जागी सरकतात. आता Effect मेनूतून High-Pass Filter, म्हणजे लो-कटच, उघडा, Frequency १५० आणि Roll-off २४ ठेवा आणि लावा. ऐकताना फक्त ‘पाणी’ ऐकू नका, ‘आणि फक्त’पासून वाक्याच्या शेवटापर्यंत ऐका. ‘धप्’ अजून जाणवत असेल तर पूर्ववत करून तीच निवड १८० किंवा २००वर करा. अडीचशेच्या पुढे जाऊ लागलात की ‘पा’ टेलिफोनवरून आल्यासारखा पोकळ होतो, तिथे थांबा. Roll-off ४८ निवडायचा मोह होईल, पण फिल्टर जितका कडक तितका तो कापलेल्या जागी स्वतःच घुमतो, आणि ‘धप्’ऐवजी ‘ठुंब’ मिळतं.

निवडीच्या टोकाला ‘टिक्’ ऐकू आला तर फिल्टरला दोष देऊ नका. उसळी अजून उतरलेली नसतानाच तुम्ही शेवट केलात, आणि कापलेला भाग नि न कापलेला भाग यांच्या पातळ्या जुळल्या नाहीत. शेवट दोन लाटा पुढे न्या. ऑडॅसिटीऐवजी रीपर हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हे सोपं पडतं. ठोक्याचा तुकडा वेगळा करायचा, फिल्टर त्या तुकड्यालाच लावायचा आणि दोन्ही कडांना पाच-दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्यायचा.

त्याच वाक्यातल्या ‘बोट’ला हा उपाय जसाच्या तसा चालणार नाही. तिथे निवड हुंकार संपल्यावर, ओठ उघडताच, सुरू करायची. हुंकाराला हात लावायचा नाही. कट १२०च्या आसपास, Roll-off १२, आणि तेवढ्याने भागलं नाही तर उसळीपुरता आवाज एन्व्हलपने चार-सहा डेसिबल खाली ओढायचा. ‘ब’चा थोडा ठोका शिल्लक राहिला तरी चालेल. हुंकार गेलेला ‘ब’ त्याहून वाईट. ‘फक्त’च्या ‘फ’मध्ये खालचा ठोका कापल्यावर वरची सळसळ उरते. ती अक्षराचाच भाग आहे, तिच्या मागे लागू नका.

एका क्लिकमध्ये हे सगळं करणारी साधनंही आहेत. आयझोटोपच्या आरएक्स या आवाज-दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमधलं De-plosive हे त्यांतलं परिचित. दहा तासांचं पुस्तक असेल तर मीही तेच घेईन. पण खर्जातल्या पुरुषी आवाजात असं साधन कधी कधी धडधाकट ‘ब’लाही ठोका समजतं. Sensitivity कमी ठेवा आणि ‘फक्त काढलेलं’ ऐकवण्याची सोय असेल तर ते ऐका. त्यात शब्द ओळखू येत असेल, तर आवाज कापला जातोय.

आता कंप्रेसर आणि नॉर्मलाइझ. कंप्रेसरला ठोका आणि शब्द यांतला फरक कळत नाही. त्याला फक्त मोठा आवाज कळतो. ठोका शिल्लक असताना कंप्रेसर लावला की तो ठोक्यावर दाबला जातो आणि सुटायला शे-दीडशे मिलिसेकंद घेतो. तेवढ्यात ‘पाणी’तला ‘आ’ येऊन गेलेला असतो, दबलेलाच. ऐकणाऱ्याला वाटतं वाचणारा अडखळला. नॉर्मलाइझचं गणित आणखी सरळ आहे. समजा उरलेल्या ठोक्याचं टोक उणे ३ डेसिबलवर आहे आणि शब्दांची टोकं उणे ९वर. उणे ३ला नॉर्मलाइझ करा, काहीच हलत नाही, कारण सगळ्यात उंच टोक आधीच तिथे आहे. ठोके काढून मग तेच करा, शब्द सहा डेसिबलने वर येतात. ऑडिओबुक स्वीकारणाऱ्या एसीएक्सची अट टोक उणे ३च्या वर नको आणि सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८मध्ये हवी अशी आहे. ठोके तसेच ठेवून या दोन्ही अटी एकदम गाठायला गेलात की पुढे लिमिटर लागतो, आणि तो पुन्हा त्याच ठोक्यांवर आपटतो. म्हणून क्रम असा: आधी घरघरीचा सौम्य लो-कट, मग एकेक ठोका, मग कंप्रेसर, नॉर्मलाइझ सगळ्यात शेवटी.

मोबाईलचा मुद्दा अर्धा खरा आहे. फोनच्या स्पीकरमधून दीडशे हर्ट्झ जवळजवळ येतच नाही, त्यामुळे ठोका लपतो. पण बरेच लोक फोन कानात बोंडं घालून किंवा गाडीत ऐकतात. कानात नीट बसलेल्या इअरफोनमध्ये आणि गाडीच्या दारातल्या स्पीकरमध्ये हाच ठोका ठळक जाणवतो. फसगत संपादकाचीही होते. लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकून ‘काही नाही’ म्हणणाऱ्याला खरंच काही ऐकू आलेलं नसतं. ठोके शोधायचे ते बंद हेडफोनवर, आणि डोळा स्पेक्ट्रोग्रामच्या तळावर ठेवून.

राहता राहिलं ‘पुन्हा वाचायची गरज नाही’. वेव्हफॉर्ममध्ये उसळीचा माथा सपाट, पट्टीने कापल्यासारखा असेल तर प्रीअँप किंवा कन्व्हर्टर तिथे पुरा पडलेला नाही. त्या सपाटीवर जो स्वर स्वार होता त्याच्या लाटा नोंदल्याच गेल्या नाहीत. हाय-पास लावल्यावर सपाट माथा तिरका होतो, क्लिपिंगचा लाल दिवाही विझतो, पण करकर तशीच राहते, कारण ती कितीतरी वरच्या पट्टीत पसरलेली असते. तिथे पुन्हा वाचावं लागतं, आणि फक्त तो शब्द नव्हे, पूर्ण वाक्य. इथे एक अडचण येते. शहाणे होऊन तुम्ही माइक वीतभर लांब नेलात तर जवळिकीमुळे आवाजाला आलेला खर्ज निघून जातो आणि नवं वाक्य जुन्यांत ठिगळासारखं दिसतं. त्यामुळे दुरुस्तीचं वाक्य जुन्याच अंतरावर वाचा, फक्त माइक तोंडासमोरून ओठांच्या कोपऱ्याकडे सरकवा, रोख तोंडाकडेच ठेवून. झोत सरळ पुढे निघून जातो, खर्ज बराचसा टिकतो. वितीचं अंतर पुढच्या प्रकरणापासून पाळा.