फौजेतल्या बापाच्या लेकरांसाठी जागा आहेत, पण कागद कोणते ते कोणी धड सांगत नाही

दरवर्षी जून-जुलैत, पेरणीच्या ऐन धांदलीत, इंजिनिअरिंगच्या कॅप म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेशाचे फॉर्म भरले जातात. आणि दरवर्षी खेड्यापाड्यातल्या माजी सैनिकांची हुशार पोरं हक्काची जागा मार्कांपायी नाही, कागदापायी घालवतात. याचा भयंकर राग येतो, कारण यातली निम्मी कटकट सहज टाळता येण्यासारखी आहे.

फौजींच्या मुलांसाठी पाच टक्के जागा असतात, पण एका कॉलेजात जास्तीत जास्त पाच. त्यात तीन गट. निवृत्त झालेल्या, महाराष्ट्राचा अधिवास असलेल्या सैनिकाचं मूल डेफ-१, नोकरीत असलेल्याचं डेफ-२, आणि बदलीमुळे महाराष्ट्रात आलेल्या परप्रांतीय सैनिकाचं डेफ-३. आपल्याकडे बहुतेकांचं काम डेफ-१ चं. फॉर्ममध्ये खूण केली की झालं, असं कॅफेवाला सांगतो. तिथूनच घोळ सुरू होतो.

धारणी तालुक्यातल्या एखाद्या माजी सैनिकाची मुलगी धरा. तिच्याकडे स्वतःचं डोमिसाईल आहे आणि बापाचं माजी सैनिक ओळखपत्र आहे. दोन्ही अपलोड केले. तपासणीत फॉर्म परत! कारण डेफ-१ ला बापाचं, म्हणजे सैनिकाचं डोमिसाईल लागतं, आणि ओळखपत्र चालत नाही, प्रोफॉर्मा-सी नमुन्यातलं सेवा प्रमाणपत्र लागतं, त्यावर जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याची सही-शिक्का पाहिजे. हा नमुना माहितीपुस्तिकेत मागच्या पानांवर छापलेला असतो. तो तसाच छापून न्यायचा. कार्यालयाने आपल्या लेटरहेडवर दुसऱ्याच मजकुराचं काही दिलं तर तपासणीवाला तेही नाकारू शकतो.

आता बापाचं डोमिसाईल काढा म्हणावं. सेतूवाला सलग कित्येक वर्षांच्या रहिवासाचा पुरावा मागतो. अरे, तो माणूस सतरा वर्षं सीमेवर होता! लाईट बिल त्याच्या नावाचं कुठून येणार? देशासाठी गाव सोडलं म्हणून गावचा रहिवासीच नाही, असं हे गणित. अशा वेळी जन्मस्थळ लिहिलेला शाळा सोडल्याचा दाखला, घरचा पत्ता असलेलं डिस्चार्ज बुक आणि वडिलोपार्जित सातबारा जोडून तहसीलमध्ये स्वतः उभं राहावं लागतं. सेतूवर नुसती फाईल ठेवली तर ती पडूनच राहते.

मग सही-शिक्क्यासाठी अमरावती. धारणीहून हरिसाल, सेमाडोह, परतवाडा करत घाट उतरून जायचं म्हणजे अख्खा दिवस. तिथे टेबलावर कळतं की डिस्चार्ज बुकात पोरीचं नाव घरचं, लाडाचं लिहिलंय आणि दहावीच्या मार्कशीटवर दुसरंच. किंवा जन्मतारीख जुळत नाही. लेकरू झालं तेव्हा युनिटमध्ये पार्ट टू ऑर्डर निघते, तिच्यात कारकुनाने जे लिहिलं तेच रेकॉर्डला बसतं. दुरुस्ती अमरावतीत होत नाही, ती रेकॉर्ड ऑफिसातच होते. महार रेजिमेंटवाल्यांचं सागरला, मराठा लाईट इन्फंट्रीवाल्यांचं बेळगावला. प्रतिज्ञापत्र, मार्कशीट, बहुतेक वेळा वर्तमानपत्रातली जाहिरातही, आणि पुढे महिनोन्‌महिने वाट. प्रवेशाचा फॉर्म तर दोन-तीन आठवड्यांत बंद होतो. म्हणून हे पोरगं दहावीत असतानाच पाहायचं काम आहे: डिस्चार्ज बुक आणि मार्कशीट शेजारी ठेवा अन् अक्षर न् अक्षर ताडून बघा.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर हरकतीसाठी तीनेक दिवस मिळतात. यादीत नावापुढे डेफ दिसतं का, तेच आधी बघायचं. नसेल तर तुमचा दावा उडालाय आणि पोरगी खुल्या किंवा जातीच्या जागांवर ढकलली गेलीय. त्या तीन दिवसांत कागद नीट गेला नाही तर त्या वर्षी गेलंच समजा. डेफच्या जागा भरल्या नाहीत तर त्या इतरांना जातात, सैनिकाच्या लेकरासाठी थांबत नाहीत.

आणखी एक. भंडारा, भद्रावती, अंबाझरीच्या आयुध निर्माणीतल्या कामगारांच्या मुलांना कोणीतरी सांगतं की तुम्हीही डिफेन्सवाले. नाही! संरक्षण खात्यातले नागरी कर्मचारी या आरक्षणात बसत नाहीत. सीआरपीएफ, बीएसएफवालेही नाहीत, ते गृह खात्याखाली येतात. जंगलात गोळ्या झेलणाऱ्या जवानाच्या पोराला हे शेवटच्या दिवशी कळावं? कॉलेजच्या मदत केंद्रावर, सेतूवर, तहसीलच्या भिंतीवर मराठीत एक पान चिकटवायला काय लागतं? आणि मे महिन्यात जिल्हा सैनिक कार्यालयाने शिक्का घेऊन एक-एक दिवस धारणीत, चिखलदऱ्यात बसावं. सही घ्यायला माणसाने घाट उतरायचा, त्यापेक्षा शिक्क्याने घाट चढावा.