दार उघडतं पण गाडी चालू होत नाही: कोथरूडच्या ग्राहकांच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

★★☆☆☆
"पुश बटणाच्या गाडीची दुसरी चावी करून घेतली, 8,500 रुपये दिले. चावीच्या बटणाने दारं उघडतात, पण स्टार्ट दाबलं की कधी कधी Key Not Detected. जुन्या चावीला हा त्रास नाही. सेल दोनदा बदलला, फरक शून्य. आता फोनवर म्हणतात मोबाईलचा चार्जर काढून बघा! चार्जरचा आणि चावीचा काय संबंध? चिप डुप्लिकेट असणार. शिवाय जुनी चावी आणल्याशिवाय काम करणार नाही म्हणाले. ऑनलाइन हीच चावी 1,800 ला आहे."

नमस्कार सर,

सेलचं आधी बोलतो, कारण तिथे चूक आमची आहे. चावीच्या बटणाने दारं लांबून उघडत होती, म्हणजे सेलमध्ये दम होता. तरी काउंटरवरच्या मुलाने सवयीने सेल बदलला, आणि तुम्ही परत आल्यावर पुन्हा बदलला. दोन्ही सेलचे पैसे परत मिळतील.

चार्जरबद्दल मात्र आम्ही सांगितलं ते उडवाउडवीचं नव्हतं. फोनवर नीट समजावून सांगितलं नाही, ते इथे सांगतो.

तुमच्या एका चावीत तीन वेगळी कामं चालतात. बटण दाबून दार उघडणं हे सगळ्यात सोपं. चावी 433 मेगाहर्ट्झवर एक संदेश फेकते, दर वेळी बदलणाऱ्या कोडसह, आणि गाडी तो ऐकते. गाडीने चावीला काही विचारायची गरज नसते. म्हणून 15-20 मीटरवरूनही दार उघडतं.

स्टार्टचं बटण दाबल्यावर उलटा क्रम असतो. आधी गाडी बोलते. केबिनमध्ये गिअरजवळच्या कन्सोलखाली, मागच्या सीटपाशी वगैरे लहान अँटेना बसवलेले असतात. ते साधारण 125 किलोहर्ट्झवर चावीला जागं करतात आणि एक प्रश्न पाठवतात, म्हणजे दर वेळी नवा असा आकडा. चावी आपल्याकडच्या गुप्त कोडने त्या आकड्याचं उत्तर काढते आणि 433 मेगाहर्ट्झवर परत पाठवते. उत्तर जुळलं की स्टीअरिंगचं लॉक सुटतं आणि इंजिनच्या कंप्युटरला परवानगी मिळते. हे सगळं सेकंदाच्या आत होतं. 125 किलोहर्ट्झची हाक मुद्दाम आखूड ठेवलेली असते, जेमतेम मीटर-दीड मीटर, म्हणजे चावी गाडीत आहे की बाहेर फूटपाथवर हे गाडीला कळावं.

तिसरं काम इमोबिलायझर चिपचं. तिला सेल लागतच नाही. स्टार्ट बटणाभोवती एक कॉइल असते. चावी बटणाला टेकवली की त्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातूनच चिपला वीज मिळते आणि ती आपली ओळख पटवते. सेल पूर्ण संपला तरी गाडी चालू व्हावी म्हणून ही सोय आहे. पण अंतर फक्त दोन-तीन सेंटिमीटर.

आता तुमचा चार्जर. तुमच्या गाडीत गिअरच्या पुढच्या ट्रेमध्ये बाहेरून बसवलेला वायरलेस चार्जिंग पॅड आहे. असे पॅड साधारण 110 ते 205 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात. गाडीची हाक 125 वर, म्हणजे बरोबर त्याच पट्ट्यात. शिवाय पॅड मोबाईल चार्ज करायला काही वॅट ताकद ओततो, तर गाडीची हाक चावीपर्यंत पोचते तेव्हा अगदी क्षीण झालेली असते. लक्ष्मी रोडवर गणपतीच्या ढोलाशेजारी उभं राहून कोणी कानात कुजबुजावं, तसं चावीचं होतं. चावी बिघडलेली नसते. तिला प्रश्नच ऐकू येत नाही, मग ती उत्तर कशाचं देणार?

बटणाने दार उघडतं त्याचं कारणही यातच आहे. दाराच्या कामात चावीला काही ऐकावं लागत नाही.

मग जुनी चावी बिनतक्रार का चालते? तुम्हीच फोनवर सांगितलंत की जुनी चावी घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात, पँटच्या खिशात असते, आणि नवी चावी सुटी म्हणून ट्रेमध्ये टाकता. असं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं. अंतर दुप्पट केलं की जोर आठवा भाग उरतो. पॅडपासून 10 सेंटिमीटरवरची चावी 40 सेंटिमीटरवर नेली, तर पॅडचा त्रास ढोबळमानाने 64 पट कमी होतो. ट्रे आणि खिसा यांत तेवढाच फरक आहे.

"कधी कधी" होतं, याचाही उलगडा होतो. पॅडवर मोबाईल नसेल तेव्हा पॅड अधूनमधून फक्त चाचपून बघतो. मोबाईल ठेवला की सलग चालतो. म्हणजे मोबाईल पॅडवर आणि चावी शेजारी, या जोडीलाच त्रास.

यावर एक रास्त शंका येऊ शकते: गाडी बंद असताना पॅडला करंट कुठून? चार्जर ॲक्सेसरीच्या लाइनवर असेल तर गाडी बंद झाल्यावर पॅड बंद होतो, आणि स्टार्ट दाबताना गाडी चावी शोधते तेव्हा तो गप्पच असतो. त्यामुळे आमचा अंदाज असा की पॅड बसवणाऱ्याने वायर कायम चालू असलेल्या फ्यूजवर घेतली आहे. सोपं पडतं म्हणून बरेच जण तसं करतात. तपासायला गाडी बंद करा, दारं लॉक करा आणि 15-20 मिनिटांनी काचेतून बघा. पॅडचा दिवा चालू असेल किंवा मोबाईल अजून चार्ज होत असेल, तर वायर कायमच्या लाइनवर आहे. तसं असेल तर गाडीची बॅटरीही रोज थोडी थोडी पिली जाते, ते वेगळंच.

कंपनीतून आलेल्या अनेक पॅडना हा त्रास का होत नाही, असं तुम्ही विचाराल. गाडी चावी शोधत असते तेवढा क्षण ते चार्जिंग थांबवतात. गाडी आणि पॅड एकमेकांशी बोलतात. बाहेरून बसवलेल्या पॅडला गाडीत काय चाललंय याचा पत्ताच नसतो.

आता आमचं ऐकू नका, स्वतः करून बघा. पार्किंगमध्ये पाच मिनिटं लागतील. जुनी चावी घरी ठेवा, नाहीतर तीच उत्तर देऊन मोकळी होईल. मोबाईल पॅडवर, नवी चावी ट्रेमध्ये, ब्रेक दाबून स्टार्ट. Key Not Detected आलं की चावी हलवू नका, फक्त मोबाईल उचला, पाच-दहा सेकंद थांबा आणि परत दाबा. चालू झाली तर दोषी सापडला. खात्रीसाठी उलट प्रयोग करा: नवी चावी घरी, जुनी चावी जुडग्यातून सोडवून ट्रेमध्ये, मोबाईल पॅडवर. तिलाही तोच संदेश आला तर आमच्या चावीवरचा आरोप मागे घ्यावा लागेल.

पण जुनी चावी त्याच जागी, पॅडवर मोबाईल असताना, दर वेळी चालली आणि नवी चालली नाही, तर दोष आमच्या चावीत आहे. अशा वेळी बहुधा ऐकणारी कॉइल गेलेली असते. चावीत तीन दिशांना तीन कॉइल असतात, चावी कशीही पडली तरी हाक ऐकू यावी म्हणून. एखादीचा टाका सुटला की चावी आडवी ठेवली तर चालते आणि उभी ठेवली तर नाही. मोबाईल बाजूला काढून, चावी एकाच जागी आडवी, उभी आणि कुशीवर ठेवून तीनदा स्टार्ट करून बघा. एका स्थितीतच अडत असेल तर चावीचा बोर्ड बदलून देऊ, एक रुपयाही लागणार नाही. नव्या चावीला धातूचं कव्हर घातलं असेल तर तपासायच्या आधी काढा. धातूतून ही 125 ची हाक नीट आत जात नाही. रबराचं किंवा चामड्याचं चालतं.

चिप डुप्लिकेट असण्याबद्दल: चिप ओळखली गेली नसती, तर चावी बटणाला टेकवूनही इंजिन चालू झालं नसतं, आणि "कधी कधी" तर नक्कीच झालं नसतं. चिप कधी मूडमध्ये असते, कधी नसते, असं होत नाही. संदेश आला की चावीची लोगोची बाजू स्टार्ट बटणाला टेकवा आणि तशीच धरून ब्रेकसह दाबा. गाडी चालू होईल. रस्त्यात अडलात तरी हाच उपाय, टोइंगवाल्याला बोलवायची गरज नाही.

जुनी चावी आम्ही मागितली ती गहाण ठेवायला नाही. तुमच्या गाडीत नवी चावी शिकवताना आधीची यादी पुसली जाते आणि समोर असलेल्या सगळ्या चाव्या नव्याने लिहाव्या लागतात. जुनी चावी घरी राहिली असती, तर संध्याकाळी तिने गाडी चालू झाली नसती आणि हा रिव्ह्यू एका स्टारचा झाला असता. एखादी चावी हरवली असेल, तर ही यादी पुसणंच तुमचं संरक्षण असतं.

ऑनलाइन 1,800 ची चावी: डबी तीच, बटणं तीच, हे खरं. आतला बोर्ड 433 ऐवजी 315 मेगाहर्ट्झचा निघाला तर आपल्या गाडीला त्याचं उत्तर ऐकूच येणार नाही. आणि ती आधी दुसऱ्या गाडीला जोडलेली असेल, तर अनेक मॉडेलमध्ये तिची चिप कुलूपबंद झालेली असते आणि नव्याने लिहिता येत नाही. विकणारा हे लिहीत नाही. तुम्ही बरोबर बोर्डाची कोरी चावी आणलीत तर ती शिकवणं आणि आतलं लोखंडी पातं कापणं एवढ्याचेच पैसे घेऊ. पण ती बिघडली तर जबाबदारी आमची नाही.

पॅडची वायर ॲक्सेसरीच्या फ्यूजवर घेणं अर्ध्या तासाचं काम आहे. ज्याने पॅड बसवला त्याच्याकडून करून घ्या, नाहीतर आमच्याकडे या, पैसे घेणार नाही. एक गोष्ट मात्र वायर बदलूनही राहील: गाडी चालू असताना कोणी उतरून दार लावलं की गाडी चावी आत आहे ना हे पुन्हा बघते, आणि तेव्हा पॅड चालू असतो. चावी ट्रेमध्येच असेल तर टूं टूं वाजून चावी सापडत नसल्याचा इशारा येऊ शकतो. इंजिन बंद पडणार नाही, पण आवाज नको असेल तर चावी खिशात किंवा दाराच्या कप्प्यात ठेवा.

येताना दोन्ही चाव्या आणि तो मोबाईल घेऊन या. सेलचे पैसे काउंटरवरच मिळतील, जुनं बिल नसलं तरी.