जेडी अशी लिहा की काम काय आहे ते कुणाला कळताच कामा नये

अकाउंट्समधला जुना माणूस सोडून चाललाय, साहेबांनी संध्याकाळपर्यंत त्या जागेची जेडी, म्हणजे जॉब डिस्क्रिप्शन, मागितलीये आणि तुम्ही कोरी फाइल उघडून बसलाय? काही टेन्शन घेऊ नका, खाली सांगतो तसं करा, चहा व्हायच्या आत काम उरकेल आणि पुढचे सहा महिने जागा रिकामीच राहील याची गॅरंटी.

सगळ्यात आधी एक पथ्य. जो माणूस ते काम रोज करतोय, त्याला चुकूनही विचारू नका की बाबा रे तू नक्की काय करतोस. तो सांगून टाकेल ना! सांगेल की सप्लायरचं बिल आलं की ते पीओशी, म्हणजे आपण दिलेल्या परचेस ऑर्डरशी, आणि माल मिळाल्याच्या नोंदीशी ताडून बघतो, रेट, नग आणि टॅक्स जुळला तर एंट्री मारतो, नाही जुळला तर कारण लिहून परचेसकडे परत पाठवतो, आठवड्याला देय बिलांची यादी करून मॅनेजरकडे मंजुरीला देतो, आणि महिनाअखेरीला सप्लायरचं खातं आणि आपलं खातं जुळवून फरक कुठाय ते शोधतो. झालं, संपली जेडी. वाचणाऱ्याला लगेच कळलं की हे आपल्याला जमतं की नाही. मग आपलं एचआर कशाला ठेवलंय?

म्हणून शब्द असे निवडा ज्यांना हातपाय नसतात. "पेमेंट प्रक्रिया हाताळणे", "विविध विभागांशी समन्वय साधणे", "आर्थिक बाबींमध्ये सक्रिय सहभाग". हाताळणे तर फारच गुणी शब्द आहे, कारण पेमेंट हाताळणे म्हणजे यादी तयार करायची, की मंजूर करायची, की बँकेतून पैसे सोडायचे, हे तिन्ही त्यात मावतं. आता ऑडिटर लोकांना उगाच वाईट सवय असते, त्यांना एंट्री करणारा आणि पैसे सोडणारा माणूस वेगवेगळा लागतो, नाहीतर खोटा सप्लायर उभा करून त्याला पैसे देणं एकट्या माणसाला सहज जमतं म्हणे. "यादी तयार करणे, मंजुरीचा अधिकार नाही" असं सरळ लिहिलं तर त्यांचं समाधान होईल, पण तुम्हाला एवढं लांब वाक्य लिहावं लागेल, सोडा.

कुठल्या कामाला अंदाजे किती वेळ जातो तेही लिहू नका. अर्धा वेळ बिलं तपासण्यात आणि जेमतेम दहावा भाग रिपोर्ट बनवण्यात जातो हे कळलं तर प्रेझेंटेशनची हौस असलेला उमेदवार अर्जच करायचा नाही, आणि आपल्याला तर तो घेऊन महिन्याभरात नाराज करायचाय.

आता रिपोर्टिंग. इथे "व्यवस्थापनाला रिपोर्ट करेल" एवढंच लिहा, त्यात सगळेच आले. किंवा अजून मजा हवी असेल तर अकाउंट्स मॅनेजर आणि परचेस हेड, दोघांचीही नावं टाका. पदं नाही, नावं, म्हणजे त्यातला एक जण नोकरी सोडून गेला की जेडी आपोआप शिळी. महिनाअखेरीला एक म्हणेल बुक्स क्लोज कर, दुसरा म्हणेल सप्लायर फोनवर ओरडतोय त्याचं आधी बघ, आणि मधला माणूस दोघांच्या तोंडाकडे बघत बसेल. काही अरसिक लोक लिहितात की "अकाउंट्स मॅनेजरला रिपोर्ट करेल, काम, रजा आणि अप्रेझल त्यांच्याकडे, परचेसशी फक्त बिलांच्या तफावतीपुरता संपर्क, हाताखाली कुणी नाही". भांडायला जागाच ठेवत नाहीत मेले.

पात्रता हा मात्र खरा कलेचा प्रांत, इथे वेळ काढा. सोपी युक्ती अशी की जाणाऱ्या माणसाकडे आज जे जे आहे ते सगळं मागा. तो आला तेव्हा साधा ग्रॅज्युएट होता, सॉफ्टवेअर इथेच शिकला, पण ते विसरा. आज त्याला दहा वर्षांचा अनुभव आहे ना, मग "किमान ८ वर्षे" लिहा, वर एमबीए टाका आणि पगार फ्रेशरचा ठेवा. "आवश्यक" आणि "असल्यास उत्तम" असे दोन रकाने करू नका, सगळं आवश्यकमध्येच कोंबा. आणि पदवीपुढे "किंवा तितकाच कामाचा अनुभव" हे शब्द तर अजिबात नको, त्याने खातेवही कोळून प्यायलेली पण डिग्री नसलेली माणसं आत घुसतात.

एक प्रश्न मात्र कुणाला विचारू देऊ नका: ही अट वरच्या कुठल्या कामासाठी लागते, आणि ती पहिल्याच दिवशी लागते की महिन्याभरात शिकवता येते? हा प्रश्न एकेका ओळीला लावत गेलं की अर्धी जेडी गळून पडते. १९७१ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर केसमध्ये नेमकं हेच केलं. त्या वीज कंपनीने वरच्या खात्यांसाठी हायस्कूल पास असण्याची आणि टेस्टची अट ठेवलेली, त्यात कृष्णवर्णीय कामगार जास्त गळायचे, आणि गंमत म्हणजे अट यायच्या आधी लागलेले हायस्कूल न झालेले लोक त्याच खात्यांत व्यवस्थित काम करत होते. कोर्ट म्हणालं हेतू चांगला होता हे पुरत नाही, अटीचा कामाशी संबंध दाखवा. बघा, एवढ्या साध्या गोष्टीला पार सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, मग आपण कशाला स्वतःहून करायचं.

राहिला भेदभाव. "फक्त पुरुष", "वय ३० च्या आत", "अविवाहितांना प्राधान्य" असं उघड लिहिणं आता जुनं झालं, पकडले जाता. आता "तरुण आणि डायनॅमिक टीमला शोभेल असा" लिहायचं, वय न लिहिता वय लिहून होतं. दिवसभर खुर्चीत बसायचं काम असलं तरी "२० किलो वजन उचलता यावे" राहू द्या, ते स्टोअरकीपरच्या जेडीतून कॉपी झालंय हे कुणाला कळणारे. आठवड्यातून एकदा बँकेत जावं लागतं, तर तसं न लिहिता "स्वतःची दुचाकी व लायसन्स अनिवार्य" लिहा, नाहीतर एखादा चालत किंवा बसने जाऊन काम करून येईल. आणि महिनाअखेरीचे दोन-तीन दिवस उशीर होतो हे तर मुळीच सांगू नका. सांगितलं तर बायका, पुरुष, म्हातारे, तरणे सगळे आपापलं बघून ठरवतील, आणि "बायकांना उशिरा थांबणं जमत नाही" हे आपणच परस्पर ठरवण्याची सोय जाईल.

शेवटी "वरिष्ठांनी सोपवलेली इतर कामे" ही ओळ टाकाच, पण "या पदाशी संबंधित" असं कुंपण घालू नका.

एवढं करूनही एखादा उमेदवार इंटरव्ह्यूला येऊन विचारेल की सर, बिलातला रेट पीओपेक्षा जास्त असेल तर ते मी अडवू शकतो का, की आधी परचेसला विचारायचं? याचं उत्तर तुम्हाला माहीत नसणार, जेडीतही नाही. घाबरू नका. त्याच्या फॉर्मवर "अ‍ॅटिट्यूड प्रॉब्लेम" लिहा आणि पुढच्याला बोलवा.