टीव्हीच्या झिणझिण्या आणि न्यूट्रलचा जंपर

"टीव्हीच्या मागच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टरही पेटतो? प्लग उलटा करून लावा. तरी राहिल्या तर सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून अर्थच्या होलला छोटी वायर मारा. झिणझिण्या गेल्या की अर्थिंग ओके."

हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि त्याच आठवड्यात आत्याकडे एकाने ती वायर मारूनही दिली. म्हणून लिहितोय.

आधी झिणझिण्या येतात कुठून ते बघू. टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये रेडिओ गोंगाट दाबण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. ते मेन्स आणि पत्र्याच्या मधे बसतात, त्यांना वाय कपॅसिटर म्हणतात. त्यांतून थोडा करंट कायम झिरपत असतो. 2.2 नॅनोफॅरॅडचा एक कपॅसिटर धरला तर 230 व्होल्टवर तो जेमतेम 0.16 मिलिअँपिअर होतो. पत्र्याला अर्थ मिळाला नाही की हा करंट आपल्या अंगातून जमिनीकडे वाट शोधतो. बोट घट्ट दाबलं तर काही कळत नाही, पण हलकेच फिरवलं तर पत्रा खरखरीत, थरथरता लागतो. पायात चपला घातल्या की बहुतेक वेळा ते थांबतं. टेस्टरच्या निऑनला पेटायला याहूनही कमी करंट पुरतो, त्यामुळे टेस्टर पेटला म्हणजे टीव्ही शॉर्ट झाला असं नाही.

प्लग उलटा करण्याचा सल्ला अगदीच हवेतून आलेला नाही. जुन्या काही टीव्हींत आतला चासी थेट मेन्सच्या एका बाजूला जोडलेला असायचा, तिथे प्लग कसा लावला यावर बरंच अवलंबून होतं. आताच्या टू-पिन टीव्हीत प्लग फिरवून झिणझिण्या कधी कमी होतात, कधी तशाच राहतात. पत्र्याला अर्थ मात्र त्याने मिळत नाही. थ्री-पिनचा प्लग तर उलटा बसतच नाही.

आता ती वायर. इथे मी हात जोडून सांगतो, हे करू नका. समजा सॉकेटला खरी अर्थ वायर नाही, टीव्ही चालू आहे आणि बोर्डाच्या मागे न्यूट्रलचा स्क्रू सैल होऊन वायर निसटली. टीव्ही बंद पडतो. पण फेज टीव्हीच्या आतून न्यूट्रलच्या पिनपर्यंत पोचलेली असते, आणि तिथून तुमच्या जंपरमधून सरळ पत्र्यावर येते. बंद दिसणाऱ्या टीव्हीचा पत्रा आता 230 व्होल्टवर असतो आणि करंट रोखणारा कपॅसिटर वाटेत नाही. बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर न्यूट्रल तुटायचीही गरज नाही, पत्रा पहिल्या मिनिटापासून फेजवर. शिवाय अशा सॉकेटवर टीव्हीत बिघाड झाल्यावरचा करंट न्यूट्रलनेच परत जातो आणि फेज-न्यूट्रलच्या करंटमधला फरक पाहून लाइन तोडणाऱ्या आरसीसीबीला फरक दिसत नाही, म्हणून ती ट्रिपही होत नाही.

आत्याकडचा दोष साधा निघाला. टीव्ही थ्री-पिनचा, भिंतीतलं अर्थिंगही ठीक, पण मधल्या एक्स्टेंशन बोर्डाची वायर दोनच कोअरची. तीन होल होती, अर्थच्या होलला मागे काहीच जोडलेलं नव्हतं. वायरमनने जंपर काढून मल्टीमीटर लावला. बोर्डात अर्थ लागत नव्हता, आणि पत्रा ते भिंतीतला अर्थ 110 व्होल्टच्या आसपास. आकडा मोठा दिसतो, कारण दोन सारख्या कपॅसिटरच्या मधे मीटर साधारण अर्धा व्होल्टेज दाखवतो. भिंतीच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल 230, फेज-अर्थही तेवढेच, न्यूट्रल-अर्थ दोन व्होल्ट. तीन कोअरची वायर टाकली, पत्रा शांत झाला.

पण पत्रा शांत झाला म्हणजे अर्थिंग चांगलं, हेही खरं नाही. इतका बारीक करंट निकृष्ट अर्थिंगही गिळतं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून अर्थचा रोध 100 ओहम झाला तरी झिणझिण्या येणार नाहीत. मात्र पत्र्याला खरोखर फेज लागली तर त्या 100 ओहममधून 2.3 अँपिअरच वाहतील. तेवढ्यावर 6 अँपिअरची एमसीबी पडत नाही आणि पत्रा जिवंतच राहतो. म्हणून अर्थ वायरमनकडून मोजून घ्यावा, आणि सोबत 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी.

मूळचाच टू-पिन प्लग असेल आणि मागे चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल, तर तो टीव्ही दुहेरी इन्सुलेशनचा आहे. त्याला अर्थची पिनच नाही, सॉकेटचं अर्थिंग सुधारून तिथे फरक पडत नाही. अशा टीव्हीच्या एचडीएमआय किंवा केबलच्या पिनला हलकी झिणझिण चालते, आणि सेट-टॉप बॉक्ससारखं आणखी एक उपकरण जोडलं की त्याचाही करंट त्यात मिळतो. पण झिणझिण्यांऐवजी झटका बसला, चपला घालूनही लागलं, किंवा इतकी वर्षं काही नव्हतं आणि अचानक सुरू झालं, तर हे कपॅसिटरचं नेहमीचं झिरपणं धरू नका. आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग प्लग काढा आणि वायरमन येईपर्यंत टीव्ही लावू नका.