हार्डवर्किंग, पण किती?

लाईट गेली नसती तर हे झालंच नसतं. मी वर्कशॉपमध्ये इंटर्नशिपचं पत्र दिलं असतं, तिथल्या शेठजींनी ते कप्प्यात टाकलं असतं आणि माझी इज्जत त्या कप्प्यात तरी सुखरूप राहिली असती. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात सकाळी अकराला लाईट जाणार नाही तर कधी जाणार, आणि लाईट गेली की लेथ बंद, वेल्डिंग बंद, सगळे लोक मोकळे, आणि मोकळ्या लोकांना करमणूक लागते. ती करमणूक म्हणजे मी.

मी मेकॅनिकलच्या फायनल इयरला आहे, आठव्या सेमिस्टरला इंटर्नशिप करायची आहे. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना मेल पाठवून झाले, त्यांच्याकडून उत्तर सोडा, मेल मिळाला एवढंही कोणी कळवलं नाही. म्हणून मग घराजवळच्या एमआयडीसीतलं एक वर्कशॉप धरलं. तिथं जिनिंगचे स्पेअर बनतात. पत्र आमच्या प्लेसमेंटच्या सरांनी दिलेल्या फॉरमॅटमधलं. पूर्ण वर्गाचं पत्र एकच, फक्त कंपनीचं नाव बदलायचं, आणि आमच्यातल्या एकानं तर तेही बदललं नव्हतं, त्याचं पत्र अजूनही कुठल्या तरी सिमेंट कंपनीला आदरणीय म्हणत फिरत आहे.

वर नाव होतं एचआर मॅनेजरचं. इथं एचआर कोण, तर शेठजी गेले होते बँकेत, म्हणून पत्र घेतलं टर्नर काकांनी. वय साठीच्या पुढं, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेची, खिशात सहा इंची पट्टी. मी म्हटलं, "काका, शेठजींना द्या, मी निघतो." काका म्हणाले, "निंगते कुठं बे, लाईट येईस्तोवर बस न." आणि पत्र उघडून मोठ्यानं वाचायला घेतलं. इंग्रजी पत्र, वऱ्हाडी चालीत. वेल्डर स्टूल घेऊन आला, चहावाला पोट्टा आला, आणि पांढरकवड्याकडचा एक जिनिंग फिटर सुटा भाग घ्यायला आला होता तोही कडेला बसला.

पहिलं वाक्य असं की मी अत्यंत हार्डवर्किंग आहे. काका थांबले. चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"किती?"

मी म्हटलं, "काय किती?"

"हार्डवर्किंग किती? लिव्हलं नाही इथं."

मला वाटलं चेष्टा करून रायले. पण नाही हो, चेहरा एकदम सरळ. पुढं वाचलं, क्विक लर्नर. परत थांबले. "किती क्विक? चार जबड्याच्या चकमंदी जॉब सेंटरले आणाले मले दोन मयने लागले होते. तुले किती लागतीन?" मी म्हटलं पाहू. म्हणाले, "मंग 'पाहू' असं लिव्ह." फिटर हसला. त्या माणसाशी माझी ओळख ना पाळख, त्याला हसायचं काही कारण नव्हतं, पण तो प्रत्येक "किती" ला हसला आणि ते मला काकांपेक्षा जास्त लागलं. तो स्वतः कुठं इंजिनिअर होता?

मग आलं सॉफ्टवेअर. मी तीन नावं लिहिली होती, सॉलिडवर्क्स, अँसिस, मॅटलॅब. काका म्हणाले, "हे सारे येते?" मी म्हटलं येते. खरंच येते, सॉलिडवर्क्सवर मी पूर्ण गिअरबॉक्स काढला आहे. काका उठले, कोपऱ्यातल्या पोत्यातून एक शाफ्ट काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. काळं ग्रीस, माझी इस्त्रीची पँट.

"फॅनचा हाय. माप अन् ड्रॉइंग काढ."

इथं थोडं सांगतो, नाहीतर कळणार नाही. जिनिंगच्या मशीनमध्ये चामड्याच्या चकत्या शाफ्टवर दाबून बसवलेला रोलर असतो, कापसाचा धागा त्याला चिकटून पट्टीखालून ओढला जातो आणि सरकी मागं राहते. रोलर झिजतो, पट्टी झिजते, बेअरिंगच्या जागा झिजतात, फॅनचे शाफ्टही त्यातून सुटत नाहीत, आणि हे वर्कशॉप या झिजण्यावरच चालते. ड्रॉइंग कोणाकडंच नसते. गिऱ्हाईक जुना तुकडा पोत्यात घालून आणते आणि म्हणते असाच द्या. म्हणजे तुकडा हेच ड्रॉइंग.

तर मी त्यांचा व्हर्नियर घेतला, बेअरिंग बसते त्या जागेवर लावला, दोनदा तपासलं आणि सांगितलं, २४.९४. काकांनी तेवढ्यात पत्र उलटं केलं, कानामागची पेन्सिल काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूला २४.९४ लिहिलं. माझ्या पत्रावर. मी बोललो असतो, पण मोठा माणूस.

"मंग नवीन शाफ्ट २४.९४ चा करू?"

मी हो म्हणणार तेवढ्यात फिटरच्या चेहऱ्यावर हसू तयार होताना दिसलं, म्हणून थांबलो. काकांनी त्या जागेवर बोट फिरवलं, बोटाला विटकरी भुकटी आली. म्हणाले, "ही पाय. बेअरिंग शाफ्टवर फिरत होतं, घासून घासून ही भुकटी झाली. अन् तू झिजलेलं माप घेऊन रायला. म्हनजे नवा शाफ्ट झिजूनच जन्माले घालतो." मग बेअरिंग दाखवलं, त्यावर नंबर ६२०५. शेवटचे दोन आकडे, शून्य पाच, पाचनं गुणले की पंचवीस, म्हणजे आतलं भोक पंचवीस मिलीमीटर. हे मला माहीत होतं बरं का, डिझाइन डेटा बुकमध्ये आहे, पेपरात विचारते. फक्त मांडीवर शाफ्ट ठेवून कोणी विचारलं नव्हतं.

म्हणजे खरं माप पंचवीसच्या केसभर वर पाहिजे. पुस्तकातलं के-सहा फिट घेतलं तर २५.००२ ते २५.०१५. आता त्यांचा व्हर्नियर ०.०२ मिलीमीटरच वाचतो, म्हणजे ही पूर्ण मर्यादा त्याच्या दोन रेघांच्या मधात हरवते, तिथं मायक्रोमीटरच लागतो, आणि तोही साधा असला तर ०.०१ वाचतो, पुढचा अंदाज डोळ्यानं. काका सांगतात, नवं बेअरिंग हातानं सरकन् बसलं तर शाफ्ट बारीक झाला समजायचं, ते तापवून नाहीतर आतल्या रिंगवर पाइप ठेवून ठोकूनच बसलं पाहिजे. बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर गोळ्यांचे डाग आत उमटते आणि बेअरिंग लवकर आवाज करते. फिटर म्हणाला, आमच्याकडं ढिल्या शाफ्टवर सेंटर पंच मारून चालवते. काकांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्याचं हसणं बंद झालं. पूर्ण सकाळचा माझा तेवढा एकच आनंद.

"हे लिव्ह न पत्रात," काका म्हणाले. "जुन्या तुकड्याचं माप घेतो, बेअरिंगच्या नंबरावून खरं माप काढतो, ड्रॉइंग करून देतो. आमच्याकडं पोतंभर तुकडे हाय, ड्रॉइंग एकाचं नाही. अन् तू लिव्हलं मॅटलॅब."

यात त्यांचं खरं आहे, हे मान्य. पण माझंही एक ऐका, पोतं आतल्या कोपऱ्यात होतं आणि पत्र मी घरून लिहून आणलं होतं, आत आल्याशिवाय पोतं दिसणार कसं आणि पत्राशिवाय आत येणार कसं? हे मी त्यांना विचारलं नाही, बसमध्ये सुचलं. मला सगळं बसमध्येच सुचते.

मग तारखा. फॉरमॅटमध्ये होतं, आपल्या सोयीनुसार. काका म्हणाले, "आमची सोय तर तू नाही आला त्यात हाय." कापूस दिवाळीच्या आसपास यायला लागला की जिनिंग सुरू, ते मार्चपर्यंत तरी ओढते, तेवढ्यात कोणाचं मशीन बंद पडलं की रात्रीचा फोन. जानेवारीत आलास तर शिकवायला कोणी रिकामं नाही, पण सोबत नेलं तर बिघाड डोळ्यानं दिसते. मार्चनंतर आलास तर रिपेअरचं काम निवांत असते आणि माप घ्यायला सगळे जुने भाग हाताशी. पण कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्यातून किती दिवस, मधात परीक्षा कधी, हे लिहिलंच नाही तर माणसानं नियोजन काय करायचं.

एवढ्यात शेठजी आले. त्यांनी पत्र वाचलंच नाही, उलट्या बाजूचं २४.९४ पाहिलं आणि विचारलं कोणाचा जॉब आहे. काकांनी सांगितलं पोट्टा कोण ते. शेठजींचा एकच प्रश्न, "मशीनमध्ये हात गेला तर कोणाच्या नावावर?" कॉलेजचं पत्र पाहिजे, अपघात विमा आहे असं त्यात पाहिजे, बूट स्वतःचे. पैशाचं विचारलं तर म्हणाले चहा आहे. बाकी पत्र तेवढं तारेत टोचून ठेवलं, जॉबच्या चिठ्ठ्यांसोबत, माप वर.

इथून पुढं हसायसारखं काही नाही. रात्री नवीन पत्र लिहिलं, मराठीत, अर्ध्या पानाचं, शेठजींच्या नावानं. एक एप्रिल ते तीस मे, सोमवार ते शनिवार. तुमच्याकडच्या जुन्या भागांची मापं घेऊन ड्रॉइंग करून देईन, बेअरिंगच्या जागांची मापं बेअरिंगच्या नंबरावरून काढीन. मायक्रोमीटर वाचता येतो, लेथवर फेसिंग आणि साधं टर्निंग केलं आहे, चार जबड्याचा चक जमत नाही. कॉलेजचं पत्र आणि विम्याचा कागद सोबत जोडला आहे.

जोडला आहे असं लिहिलं, आता तो आणायचा होता. कॉलेज म्हणते कंपनीचं होकारपत्र आणा, मग आम्ही पत्र देतो. शेठजी म्हणतात कॉलेजचं पत्र आण, मग होकार. दोघंही आपापल्या जागी बरोबर, मधात मी आणि एसटीचं तिकीट. विमा पूर्ण वर्गाचा आहे म्हणे, फी मध्ये त्याचे पैसे कापले आहेत, पण कागद ज्या बाईंकडं आहे त्या सुटीवर. हे आधी कोणी सांगत का नाही? फॉरमॅटमध्ये एस्टीम्ड ऑर्गनायझेशन कुठं टाकायचं ते सांगितलं, विम्याचा कागद कोणाकडं मिळते ते सांगितलं नाही.

शेवटी नवीन पत्र घेऊन सरांकडंच गेलो, की सर, शिक्का द्या, यावरून ते होकार देतीन. सरांनी वाचलं. परत वाचलं. म्हणाले हे फॉरमॅटमध्ये नाही. मी म्हटलं सर, त्यांना हेच पाहिजे. सर म्हणाले यात हार्डवर्किंग कुठं आहे?

मी म्हटलं, "किती टाकू सर?"

सरांना राग आला.