सर, प्रिंट किती काढू?

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला आमचे सर माझ्या टेबलापाशी थांबले. पूर्ण थांबले असं नाही म्हणता येणार. एक पाय माझ्याकडे, एक जिन्याकडे, बोटात गाडीची किल्ली गरगर फिरतेय. म्हणाले, "ते उधारीचं जरा व्यवस्थित करून ठेव. सोमवारी वर दाखवायचंय."

मी म्हणालो, "हो सर."

हे 'हो सर' माझ्या तोंडून मला न विचारताच निघतं. सर जिना उतरून गाडी सुरू करेपर्यंत मी समाधानात असतो. मग कळतं की आपल्याला दिलेल्या वाक्यात एकही नाम नाही. 'ते' आहे, 'जरा' आहे, 'वर' आहे. उधारी तेवढी आहे, पण तिचं काय करायचं ते 'व्यवस्थित' या शब्दाच्या पोटात गडप झालेलं.

आमची कंपनी एमआयडीसीतली, मशीनचे सुटे भाग बनवणारी. मी अकाउंट्समध्ये. कोणत्या पार्टीकडून किती येणं बाकी आहे आणि ते किती दिवसांचं झालंय, याचा तक्ता काढणं माझ्याकडे. ३० दिवसांपर्यंतचं एका रकान्यात, मग ३१ ते ६०, मग ६१ ते ९०, आणि शेवटी ९० च्या वरचं. त्या शेवटच्या रकान्याकडे सगळे लग्नात न बोलावलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघतात.

आता गोम अशी, की दिवस मोजायचे कधीपासून? एक पार्टी घेऊ. १० जानेवारीचं बिल, ४ लाखांचा माल, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ४ लाख ७२ हजार. मुदत ६० दिवसांची. ३१ मार्चला बिलाच्या तारखेपासून मोजलं तर झाले ८० दिवस, म्हणजे रक्कम तिसऱ्या रकान्यात. पण पैसे द्यायची मुदतच ११ मार्चला संपली. तिथून मोजलं तर उशीर फक्त २० दिवसांचा, रक्कम पहिल्या रकान्यात. तीच पार्टी, तेच बिल, तोच रुपया. एका तक्त्यात ती पार्टी बुडवी दिसते, दुसऱ्यात बिचारी. 'व्यवस्थित' यातलं कुठलं?

याचं उत्तर एकाच माणसाकडे होतं आणि तो माणूस आता नाशिक फाट्याच्या सिग्नलला उभा होता.

वाचक म्हणतील, फोन करून विचार की. वाचकांचे साहेब बरे दिसतात. मी नोकरीला लागलो त्या वर्षी सरळ विचारलं होतं, "सर, व्यवस्थित म्हणजे नक्की काय?" त्यात माझ्या मते काहीच वावगं नव्हतं. पण सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "आता एवढंही सांगावं लागतं का?" तेव्हा कळलं, की 'म्हणजे काय' हा प्रश्न नाही, आरोप आहे. तो विचारला की सांगणाऱ्याला ऐकू येतं, 'तुम्हाला धड सांगता येत नाही.'

पुढच्या वेळी म्हणून विचारलंच नाही. मुदतीच्या तारखेपासून मोजून देखणा तक्ता केला, रकान्यांना फिकट निळा रंगही दिला. सरांनी तो पाहिला आणि म्हणाले, "हे मी सांगितलं होतं? अरे, समजलं नाही तर विचारायचं नाही का?" निळ्या रंगाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

तिसऱ्या खेपेला मी दोष माझ्याच कानावर घेतला. "सर, मघाशी मशीनचा आवाज होता, ऐकताना माझं थोडं राहिलं." ही युक्ती चालली. सरांनी प्रेमाने पुन्हा सांगितलं. पण शब्दशः तेच सांगितलं, फक्त मोठ्याने. "ते! उधारीचं! जरा! व्यवस्थित!" शिवाय ही युक्ती महिन्यातून एकदाच वापरता येते. मी तिनदा वापरली, तर एचआरच्या बाई कानाच्या डॉक्टरचं नाव सांगायला आल्या. त्यांच्या मामेभावाला तिथे गुण आला होता म्हणे.

मग पर्याय देऊन पाहिले. "सर, बिलाच्या तारखेपासून धरू की मुदतीपासून?" हा प्रश्न दिसायला सभ्य आहे. यात सांगणाऱ्याचं काही चुकलं असं निघत नाही, उलट त्यांच्या निर्णयावाचून माझं पान हलत नाही असं दिसतं. पण ज्याने अजून ठरवलेलंच नाही, त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवले की तो सुटायला तिसरा शोधतो. सर म्हणाले, "जे योग्य वाटेल ते कर." म्हणजे चेंडू माझ्याच अंगणात, वर काच फुटली तर तीही माझीच.

यात मला आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, टॅलीचा हेवा वाटतो. येणं बाकीचे दिवसांनुसार रकाने मागितले की टॅली बेधडक विचारतं, बिलाच्या तारखेने की मुदतीच्या तारखेने? आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. टॅलीला आजवर कोणी म्हणालेलं नाही, की स्वतःचं डोकं वापर.

त्या शुक्रवारी मी डबा पिशवीत कोंबून गेटपाशी आलो, तर डिस्पॅचचे काका बिडी विझवत होते. काकांना या कंपनीत एकतीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत त्यांना कोणी काहीही स्पष्ट सांगितलेलं नाही. सर त्यांना "तो माल काढून टाका" एवढंच सांगतात. तरी माल नेमका पोचतो. मी माझं रडगाणं सांगितलं.

काका म्हणाले, "अरे राजा, कामाबद्दल विचारतोस कशाला? साहेब म्हणाले 'माल काढा', तर मी कधी विचारतो का, कुठला माल, कुठे पाठवायचा? मी विचारतो, 'साहेब, गाडी कुठली लावू?' साहेब म्हणतात, 'छोटा हत्ती बास, चाकणलाच तर जायचंय.' झालं की. चाकणला जाणारा माल एकाच पार्टीचा आणि छोट्या हत्तीत मावेल एवढाच."

मी तिथेच गेटवर उभा राहिलो. एकतीस वर्षांची विद्या फुकट मिळाल्यावर माणूस जरा उभा राहतोच.

माझी गाडी कुठली, याचा विचार करत मी शनिवार काढला. शनिवारी आम्हाला अर्धा दिवस असतो आणि सर सहसा येऊन जातात. अकराला आले. मी एका पार्टीचा नमुना करून कागद हातात धरून उभा होतो, पण तक्त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. म्हणालो, "सर, सोमवारच्या प्रिंट किती काढू?"

सर चालता चालताच म्हणाले, "एकच. बँकवाल्याला द्यायची. सीसीचं रिन्यूअल आहे ना."

एवढ्यात सगळं आलं. कोण बघणार हे कळलं, की काय हवंय ते आपोआप कळतं. आमच्या बँकेला मुदतीशी देणंघेणं नाही. सीसी म्हणजे कॅश क्रेडिट, त्यात ती उधारीवर कर्ज देते आणि बिलाच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आतलीच उधारी जमेस धरते. त्यापुढचं येणं तिच्या लेखी नाहीच. म्हणजे आमचं १० जानेवारीचं बिल ८० दिवसांचं, ते चालतंय. पण त्याच पार्टीचं २२ डिसेंबरचं एक बिल होतं. मुदतीपासून मोजलं तर उशीर ३९ दिवसांचा, अगदी साळसूद. बिलापासून मोजलं तर ९९ दिवस. माझा तो जुना निळा तक्ता बँकेत गेला असता, तर हे बिल मधल्या रकान्यात निवांत बसलेलं दिसलं असतं आणि बँकवाल्याने त्याला लाल गोल केला असता.

तरी एक गोष्ट उरली होती. त्या पार्टीने मध्येच २ लाख पाठवले होते, कुठल्या बिलापोटी ते न सांगता. ते खात्यात 'ऑन अकाउंट' म्हणून लोंबकळत होते. २२ डिसेंबरच्या बिलातून वजा केले तर जुनी बाकी घटते, जानेवारीच्या बिलातून केले तर नवी. आणि प्रिंटच्या प्रश्नातून याचं उत्तर निघत नव्हतं.

इथे मी हातातला नमुना पुढे केला. मोठी पार्टी एकच, सगळे आकडे खरे, २ लाख जुन्या बिलातून वजा केलेले, खाली तशी टीप. म्हणालो, "सर, एक करून बघितलीय. बाकीच्याही अशाच करतो."

या वाक्यात प्रश्नचिन्ह नाही, हे ध्यानात घ्या. मुलगी बघायला गेलेल्यांना कशी हवी ते सांगता येत नाही, पण पोहे समोर आले की खारट झालेत हे लगेच सांगता येतं. सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि आयुष्यात पहिल्यांदा नाम वापरून बोलले. "ते २ लाख जुन्यातूनच वजा कर, बरोबर आहे. पण हे ४०० रुपये कसले?"

ते टीडीएसचे होते. ती पार्टी आमच्याकडून वर्षाला ५० लाखांच्या वर माल घेते, म्हणून ०.१ टक्का कापून पैसे देते. डिसेंबरच्याही आधीच्या ४ लाखांच्या एका बिलावर ४०० कापले गेले, आमच्याकडे त्याची नोंद करायची राहिली, आणि ते ४०० रुपये सहा महिने शेवटच्या रकान्यात एकटेच बसून होते. "असले सगळे आधी साफ कर," सर म्हणाले. 'व्यवस्थित'मध्ये हेही होतं तर. मला कितीही विचार करून सुचलं नसतं आणि सरांना कितीही विचारलं असतं तरी आठवलं नसतं.

दुपारी मी व्हॉट्सॲपवर लिहिलं, "तुम्ही सांगितल्याप्रमाणे बिलाच्या तारखेपासून धरतोय, ऑन अकाउंट रकमा जुन्या बिलातून वजा करतोय, टीडीएसच्या बाक्या साफ करतोय." यातला 'तुम्ही सांगितल्याप्रमाणे' हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. त्यांनी यातलं निम्मं सांगितलं नव्हतं, पण वाचल्यावर त्यांनाही सांगितल्यासारखं वाटलं असणार. उत्तरादाखल अंगठा आला. आमच्या ऑफिसात अंगठ्याचा अर्थ 'मान्य आहे' आणि 'मी लग्नाच्या पंगतीत आहे' असा दोन्ही होतो. मी मान्य आहे असा घेतला आणि त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला.

सोमवारी बँकवाला येऊन गेला. लाल गोल एकही नाही. सर माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "बघ, मी हेच म्हणत होतो." मी म्हणालो, "हो सर, तुम्ही सांगितलंतच तसं." दोघांनाही बरं वाटलं.

मग किल्ली बोटात फिरवत ते वळले. "आता तेवढं ते दुसरंही असंच करून टाक."

मी काकांचं स्मरण केलं. "करतो सर. त्याच्या प्रिंट किती काढू?"

"प्रिंट नको रे. मेल कर."

"बरं सर. कोणाला?"

"सगळ्यांना," सर म्हणाले आणि जिना उतरून गेले.